व्हीनस फ्लायट्रॅप काळा पडतोय : पाणी, ऊन, की थंडी न मिळाल्यामुळे?

केतकी_मुलुंड | ६ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार. बागकामाचे धागे नेहमी वाचते, लिहायची वेळ आज आली. नोव्हेंबरात एका प्रदर्शनातून लेकासाठी व्हीनस फ्लायट्रॅप आणला. चार इंची प्लास्टिकची कुंडी, खाली बशी. पाचवा मजला, पूर्वेची खिडकी, ग्रिलमध्ये सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत थेट ऊन येतं.

मार्च अर्धा होईपर्यंत रोप मजेत होतं. आठ-नऊ सापळे, आतून लालसर. मग एकेक करून काळे पडायला लागले. आधी बाहेरचे गेले तेव्हा काही वाटलं नाही, जुनी पानं जातातच. पण आता मधून येणारी नवी पानंसुद्धा टोकाकडून तपकिरी होतात आणि मग काळी. नवा सापळा नीट उघडतच नाही, मुरडलेला राहतो.

पाणी फिल्टरचंच घालतो, नळाचं नाही. खत काही दिलेलं नाही. वाचलं की या झाडाला हिवाळ्यात झोप लागते आणि ती मिळाली नाही तर ते मरतं. मुंबईत कुठला आलाय हिवाळा! मग आता फ्रिजमध्ये ठेवू का? लेक रोज सकाळी उठून आधी त्याच्याकडे धावतो, म्हणून जरा घाईत आहे. फोटो जोडले आहेत.

---

शेवंती | ६ एप्रिल, रात्री ११:१२

अगं, बशीत सतत पाणी ठेवलंयस ना? तेच कारण. मुळं कुजली की पान काळं पडतं, मग ते गुलाबाचं असो की माशा खाणाऱ्याचं. बशी काढून टाक, माती दोन दिवस वाळू दे, वर मूठभर गांडूळखत. आणि पाणी उकळून गार करून घाल, म्हणजे त्यातलं सगळं वाईट निघून जाईल. तीस वर्षं गच्चीवर बाग करतेय, अनुभवाने सांगते.

---

विक्रोळीचा_वाघ | ६ एप्रिल, रात्री ११:२०

लेकाला विचारा दिवसातून किती वेळा बोट घालतो सापळ्यात 😄 आमच्याकडे भाच्याने एका रविवारात सगळे सापळे मिटवले होते. आठवड्यात तीन काळे.

---

पाणथळ | ७ एप्रिल, सकाळी ७:०५

केतकीताई, फ्रिज नको. आत्ता तर अजिबात नको. का ते पुढे लिहितो.

शेवंतीकाकू, तुमच्या गच्चीबद्दल आदरच आहे, पण गांडूळखत या झाडाला विष आहे. हे मूळचं अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारपट्टीवरच्या ओल्या, आम्लधर्मी, वाळू आणि पीटच्या जमिनीतलं. तिथे मातीत खायला जवळजवळ काही नसतं, म्हणून तर ते माशा धरतं. त्याची मुळं पाणी घ्यायला आणि रोप धरून ठेवायला. खतावळ मातीशी त्यांची कधी गाठच पडलेली नाही. बशीत पाणी ठेवण्याची पद्धत मात्र बरोबर आहे, वाढीच्या दिवसांत ते ओलंच हवं.

वाघसाहेबांचं अर्धं खरं. प्रत्येक सापळ्याला मोजक्या मिटण्या असतात. उगाच मिटवला की तो लवकर संपतो. घास मोठा असेल, सापळ्याची कड नीट मिटत नसेल, तर आतलं सडतं आणि सापळा काळा पडतो. पण या दोन्हीत एखाददुसरा उघडलेला, वापरलेला सापळा जातो. न उघडलेलं नवं पान टोकाकडून करपत असेल तर बोटाचा त्यात हात नाही.

फोटो मोठा करून पाहिला. मातीवर आणि कुंडीच्या आतल्या कडेला पांढुरका थर दिसतो. तो बुरशीचा कापूस आहे की खरखरीत पापुद्रा, ते नखाने खरवडून सांगा. पानांचा गड्डा जिथे मातीत शिरतो तिथे हलकेच दाबून पाहा, टणक आहे की मऊ. वास येतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "फिल्टरचं पाणी" म्हणजे नेमकं कुठून भरता?

---

निनाद७७ | ७ एप्रिल, सकाळी ९:३०

सेम प्रॉब्लेम! माझ्या घटपर्णीची सुरईसुद्धा वरून खाली काळी होत चालली आहे. हाच धागा वाचला आणि परवाच्या एका व्हिडिओत पण झोपेचं ऐकलं होतं, म्हणून काल रात्री कुंडीसकट फ्रिजमध्ये ठेवली. किती महिने ठेवायची?

---

पाणथळ | ७ एप्रिल, सकाळी ९:३४

आधी बाहेर काढा, मग वाचा.

सुरई पानाच्या टोकाला तंतूवर लोंबकळते की जमिनीतून कर्ण्यासारखी उभी येते?

---

निनाद७७ | ७ एप्रिल, सकाळी ९:५०

लोंबकळते. काढली बाहेर.

---

पाणथळ | ७ एप्रिल, दुपारी १:१५

मग ती नेपेंथिस. उष्ण प्रदेशातली वेल, तिला झोपबीप नाही. मेघालयातल्या डोंगरांत आपली देशी नेपेंथिस खासियाना होते, ती मुंबईच्या बाजारातल्या संकरित जातींपेक्षा गारवा जास्त सोसते, पण तीही वर्षभर जागीच असते. झोप लागते ती उभ्या कर्ण्यांच्या सॅरासेनियाला. ती अमेरिकेची, फ्लायट्रॅपची शेजारीण. दुकानात दोघींना "पिचर प्लांट" म्हणतात आणि तिथून हा गोंधळ सुरू होतो.

जुनी सुरई झाकणाकडून खाली वाळत येणं साधं म्हातारपण आहे. नव्या पानांच्या टोकाला सुरया धरतात का, ते पाहा. धरत नसतील तर हवा कोरडी किंवा उजेड कमी. रोप एसीच्या खोलीत आहे का?

---

निनाद७७ | ७ एप्रिल, दुपारी १:४०

हो, बेडरूममध्ये. एसीच्या अगदी खाली नाही हो. जरा बाजूला.

---

पाणथळ | ७ एप्रिल, दुपारी २:००

बाल्कनीत न्या. मुंबईची दमट हवा आपल्याला नकोशी असते, तिला तीच हवी. बशीत पाणी साठवू नका, हिची मुळं सतत पाण्यात राहिली तर कुजतात. शेवंतीकाकूंचा सल्ला इथे लागू पडतो.

---

शेवंती | ७ एप्रिल, दुपारी ४:२५

बघा, कुठेतरी बरोबर निघालेच की!

पण उकळलेल्या पाण्याचं काय चुकलं ते सांगा. क्लोरीन उडून जातो ना?

---

रसायनी | ७ एप्रिल, रात्री ९:१०

मी झाडंवाला नाही, पाणीशुद्धीकरणात नोकरी केली आहे, म्हणून एवढंच बोलतो.

काकू, क्लोरीन उकळल्याने उडतो, तुमचं बरोबर. पण इथे खरं दुखणं क्लोरीनचं नसून विरघळलेल्या क्षारांचं असतं. उकळताना वाफ होऊन जातं ते पाणी. मीठ, सल्फेट, मॅग्नेशियम भांड्यातच राहतात. थोडा चुना तळाला पांढरा बसतो तेवढाच कमी होतो, बाकीचं उरलेल्या पाण्यात आणखी दाट होतं. पाणी रात्रभर उघडं ठेवायच्या सल्ल्याचंही तेच.

बशीतून पाणी द्यायच्या पद्धतीत आणखी एक मेख आहे. पाणी खालून वर चढतं आणि मातीच्या पृष्ठभागावरून उडून जातं. क्षार मात्र वर येऊन थांबतात. बाकीच्या कुंड्यांत आपण वरून पाणी ओततो, ते खालून वाहून जाताना थोडे क्षार घेऊन जातं. इथे बाहेर जायची वाटच नाही. म्हणून रोजचं पाणी किती खारट यापेक्षा आतापर्यंत किती साठलं, हे बघायला हवं.

---

केतकी_मुलुंड | ७ एप्रिल, रात्री १०:५५

सगळ्यांचे आभार. उत्तरं देते.

थर खरखरीत आहे, नखाने पापुद्रा निघाला. गड्डा टणक, वास नाही. गड्ड्याची एक पाकळी चुकून निघाली, ती आतून पांढरी आहे.

पाण्याचं मात्र आज कळलं. बशी भरायचं काम सासूबाईंकडे आहे. आमच्याकडे आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याची नळी एका बादलीत सोडलेली आहे आणि तेच पाणी सगळ्या झाडांना जातं. मोगरा, तुळस, कढीपत्ता, सगळे खूश आहेत. घरात त्या बादलीला "फिल्टरचं पाणी" म्हणतात 🙈 त्यांचं म्हणणं, पाच महिने हेच पाणी घालतेय, आत्ताच काय झालं?

---

रसायनी | ७ एप्रिल, रात्री ११:२०

सासूबाईंचा प्रश्न उत्तम आहे. मार्चपासून सोसायटीत टँकर येतात का?

---

केतकी_मुलुंड | ७ एप्रिल, रात्री ११:३२

हो! होळीच्या आधीपासून. एक दिवसाआड एक. तुम्हाला कसं कळलं?

---

रसायनी | ८ एप्रिल, सकाळी ८:०५

पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा पावसाने भरणाऱ्या तलावांचं. ते तसं मऊ असतं, क्षार कमी. टँकरचं पाणी बहुतेक वेळा विहिरीचं किंवा बोअरचं, क्षार कितीतरी पट. दोन्ही सोसायटीच्या एकाच टाकीत पडतं आणि नळाला मिश्रण येतं. आरओ त्यातले क्षार गाळून पिण्याच्या नळापासून दूर ठेवतो, म्हणजे ते सगळे वाया जाणाऱ्या पाण्यात ढकलतो. त्यामुळे बादली नेहमीच नळापेक्षा खारट असते. थंडीत नळ गोड होता तेव्हा बादलीही झाडाला चालवून घेण्याइतपत होती. मार्चात नळ बिघडला आणि बादली त्याहून बिघडली. मोगऱ्याला ते सोसतं.

टीडीएस मीटर घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून अंदाज देतो, कुठला क्षार आहे ते सांगत नाही. आपल्याला तेवढं पुरे. नळ, पिण्याचं पाणी, बादली आणि एसीचं पाणी, चारही मोजा.

---

पाणथळ | ८ एप्रिल, सकाळी ८:४०

आणि कुंडीही मोजा, ती कशी ते सांगतो. बशी रिकामी करा. कुंडीत कमी टीडीएसचं पाणी घालून माती पूर्ण भिजवा, अर्धा तास थांबा. मग वरून अर्धी वाटी डिस्टिल्ड वॉटर हळूहळू ओता आणि खालून पहिल्यांदा ठिबकणारं पाणी स्वच्छ वाटीत धरा. मीटर त्यात बुडवा. मुळं कशात बसली आहेत त्याचा हा आकडा. बशीतल्या पाण्याचा आकडा दिशाभूल करतो.

डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडे कॅनमध्ये मिळतं. घेताना नीट विचारा, त्याच रंगाच्या कॅनमध्ये तिथे ॲसिडही असतं.

---

केतकी_मुलुंड | ११ एप्रिल, रात्री ९:२०

मीटर आला. लेकाने घरातलं प्रत्येक पाणी मोजलं, वरणसुद्धा. हे आकडे:

नळ २४०
पिण्याचं आरओ पाणी ३५
बादली ३४०
एसीच्या नळीचं पाणी १२
कुंडीतून ठिबकलेलं १४१०

शेवटचा आकडा तीनदा तपासला.

---

रसायनी | ११ एप्रिल, रात्री ९:५५

आकडे एकमेकांशी जुळतात. तुमचा आरओ एक लिटर पिण्याचं देताना साधारण दोन लिटर सोडत असणार. तीन लिटर नळाच्या पाण्यातले क्षार त्या दोन लिटरमध्ये जवळजवळ सगळे आले, की बादली ३४० च्या आसपासच येते.

आता पुढचा हिशोब. उन्हाळ्यात त्या बशीत रोज १५० मिलीलिटर पाणी लागतं असं धरू. ३४० म्हणजे लिटरला ३४० मिलिग्रॅम क्षार. रोज ५१ मिलिग्रॅम कुंडीत राहतात. महिन्याला दीड ग्रॅम, दोन महिन्यांत तीन. चार इंची कुंडीत अर्धा चमचा मीठ कालवल्यासारखं झालं. एसीचं पाणी वापरलं असतं तर तेवढ्याच काळात एक दशांश ग्रॅम.

आता मुळाच्या बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खारट होत गेलं की माती ओली असूनही मुळाला पाणी ओढता येत नाही. कोवळ्या पानाचं टोक मुळापासून सगळ्यात लांब आणि सगळ्यात नाजूक, तेच आधी करपतं.

---

पाणथळ | १२ एप्रिल, सकाळी ७:३०

रसायनींनी माझं काम हलकं केलं. आता करायचं काय ते.

या झाडासाठी पाणी ५० च्या आत असावं असं मी धरतो. १०० पर्यंतचं निभतं, पण मग दर महिन्याला कुंडी वरून धुवावी लागते. तुमचं आरओ पाणी ३५, ते चालेल. फक्त टँकरच्या दिवसांत ते पुन्हा मोजत जा. काही फिल्टरना चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायचा स्क्रू असतो. सर्व्हिसवाला तो फिरवून जातो आणि ३५ चे ११० होतात. बाटलीबंद पाण्यात बहुधा क्षार वरून घातलेले असतात, ते नको.

एसीचं पाणी मी स्वतः वर्षानुवर्षं वापरतो. एप्रिल-मेच्या दमट रात्रीत ते भरपूर निघतं. मात्र एसीची सर्व्हिसिंग झाली की आठवडाभराचं पाणी फेकून द्या, कॉइल धुवायचं रसायन त्यात उतरतं.

१४१० ला नुसतं पाणी बदलून भागणार नाही, माती बदला. संध्याकाळी करा. गड्डा काढून बादलीभर आरओ पाण्यात हलवून जुनी माती सुटी होऊ द्या, काळी लिबलिबीत मुळं कापा. निरोगी मुळंही काळपटच असतात, रंगावर जाऊ नका, हाताला टणक लागतात ती ठेवा. नवं मिश्रण पीट मॉस आणि पर्लाइट समसमान, दोन्ही आधी आरओ पाण्याने धुऊन. पीटच्या पाकिटावर "खतयुक्त" लिहिलेलं असेल तर परत करा. कोकोपीट टाळा. नारळाचा काथ्या अनेकदा खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो आणि धुतला तरी पुन्हा क्षार सोडत राहतो.

गड्ड्याचा पांढरा भाग मातीत, वाढीचा मधला कोंब मातीच्या वर. आठवडाभर थेट ऊन नको, उजेड भरपूर. मग हळूहळू सकाळच्या उन्हात. काळी झालेली पानं कापा, अर्धी हिरवी असतील ती राहू द्या. माशी भरवू नका. फुलाचा दांडा आला तर दोन इंचांचा असतानाच कापा, त्यात रोपाची ताकद जाते.

---

शेवंती | १२ एप्रिल, दुपारी १२:१०

सगळं पटलं. पण बशीतल्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या तर पालिकेची माणसं येऊन नोटीस देतात, आमच्या बिल्डिंगमध्ये दिली आहे. कीटक खाणाऱ्या झाडाखाली डेंग्यूचे डास, म्हणजे कमालच.

---

पाणथळ | १२ एप्रिल, दुपारी १:००

काकू, हा मुद्दा अगदी रास्त. बशीत बोटाच्या पेरभरच पाणी ठेवायचं, ते संपलं की काही तास कोरडी राहू द्यायची आणि दर चार-पाच दिवसांनी घासून धुवायची. अळीचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, तेवढा वेळ तिला द्यायचा नाही. पावसाचं पाणी साठवाल तर घट्ट झाकणाच्या कॅनमध्येच.

---

गच्चीवाला_चेंबूर | १३ एप्रिल, रात्री १०:१५

चर्चा चांगली आहे, पण झोपेचा विषय अर्धवट राहिला. माझा फ्लायट्रॅप चेंबूरच्या गच्चीवर तिसऱ्या वर्षात आहे. फ्रिज नाही, काही नाही. पावसाचं आणि एसीचं पाणी, दिवसभर ऊन. हे झोपेचं प्रकरण परदेशी व्हिडिओंतून आलेलं भूत आहे असं माझं मत.

---

पाणथळ | १४ एप्रिल, सकाळी ७:५०

भूत नाही, पण आपण समजतो तेवढं घाईचंही नाही.

कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर डिसेंबरात दिवस दहा तासांपेक्षा थोडा लहान होतो आणि रात्री कधी कधी पाणी गोठतं. दिवस आखडला आणि गारठा पडला, हे दोन्ही संकेत मिळाले की रोप उभी पानं सोडतं, जमिनीलगत छोटी पानं ठेवतं आणि गड्ड्यात साठवलेल्या अन्नावर तीन-चार महिने काढतं. मुंबईत सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा, आणि जानेवारीतली सरासरी रात्र १६-१७ अंशांची. सांताक्रूझला नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान ७.४ आहे, १९६२ च्या जानेवारीतलं, पण अशा एखाद्या रात्रीने काही होत नाही, आठवडेच्या आठवडे गारठा लागतो.

मग रोप थांबत नाही, मंद चालत राहतं. पहिल्या वर्षी फरक कळतही नाही. माझ्याकडची रोपं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात उतरणीला लागली. सापळे दर वर्षी लहान, गड्डा फुटून नवी पिल्लं नाहीत, आणि मग एखाद्या पावसाळ्यात बुरशी लागून एकदम गेली. तुमच्या रोपाचे सापळे पहिल्या वर्षाएवढेच आहेत का? गड्ड्याची किती पिल्लं झाली?

---

गच्चीवाला_चेंबूर | १४ एप्रिल, रात्री ११:००

पिल्लं दोन. सापळे थोडे लहान आहेत खरे, पण मी ते कुंडी लहान असल्यामुळे समजत होतो. तरी जिवंत आहे हे तर मान्य कराल?

---

पाणथळ | १५ एप्रिल, सकाळी ८:००

मान्य. पिल्लं दोन म्हणजे माझ्या रोपांपेक्षा बरंच. तुमचं दिवसभराचं ऊन आणि स्वच्छ पाणी काही वर्षं ओढून नेत असेल. या डिसेंबरात एक पिल्लू वेगळं करून फ्रिजमध्ये घाला, एक गच्चीवर ठेवा. पुढच्या मे महिन्यात दोघांचे सापळे पट्टीने मोजू.

केतकीताईंच्या प्रश्नाला आता नीट उत्तर देता येतं. झोप हुकल्याचा परिणाम हळूहळू, वर्षावर्षाने दिसतो. दोन-तीन आठवड्यांत नवी पानं करपायला लागली तर संशय आधी पाण्यावर. आणि एप्रिलमध्ये, वाढ चालू असलेलं, क्षारांनी खचलेलं रोप अंधाऱ्या फ्रिजमध्ये घातलं तर गड्ड्यात साठा नसतोच, ते तिथेच कुजतं.

---

सह्याद्रीवेडी | १६ एप्रिल, सायंकाळी ६:४५

अवांतर: आपल्याकडे कासच्या सड्यावर दवबिंदू आणि सीतेची आसवे आहेत, तीही कीटकभक्षीच. त्यांचा मार्ग वेगळा. ड्रॉसेरा बरमानीसारखी दवबिंदूची जात पावसाळा संपला की बी टाकून मरते आणि बी उन्हाळा काढतं. त्यामुळे थंडीची भानगडच नाही. फक्त कृपा करून तिथून उपटून आणू नका, घरी जगत नाहीत आणि सडा ओका होतो.

---

निनाद७७ | २ मे, सकाळी १०:२०

अपडेट. बाल्कनीत गेल्यापासून घटपर्णीच्या एका पानाला बारीक सुरई धरली आहे. फ्रिजमध्ये जी दोन कोवळी पानं लोळली ती गेली.

---

केतकी_मुलुंड | २८ जून, रात्री १०:०५

उशिरा लिहितेय. माती बदलल्यावर पहिले तीन आठवडे रोप आणखी वाईट दिसलं, उरलेले सापळेही काळे. फेकणारच होते. मेच्या मध्यात दोन हिरवे कोंब आले आणि टोकं करपली नाहीत. आता पाच पानं आहेत, तीन सापळे उघडलेत. कुंडीचा ठिबक-आकडा ६०. बादलीवर लेकाने "मोगरा ओन्ली" असं लिहून ठेवलंय.

नवीन शंका: पाऊस सुरू झाल्यापासून सापळे फिकट आहेत, आतला लाल रंग गेला, देठ लांबुळके झाले. पुन्हा क्षार?

---

पाणथळ | २९ जून, सकाळी ७:२०

नाही, ते ढग. ऊन कमी पडलं की असंच होतं, सप्टेंबरअखेर रंग परत येतो. काळं पडत नाही तोवर काही करू नका. शक्य असेल तर कुंडी सरळ पावसात ठेवा, वरून धुतली जाते. फक्त पहिल्या सरी छपरावरची धूळ घेऊन येतात, त्या साठवू नका.

---

केतकी_मुलुंड | ३० नोव्हेंबर, रात्री ९:४५

वर्ष झालं! रोप अकरा सापळ्यांचं आहे. आता फ्रिजचं सांगा. सासूबाईंची एकच अट आहे, मेथीच्या शेजारी माती नको.

---

पाणथळ | १ डिसेंबर, सकाळी ८:१५

माती जाणारच नाही. आत्तापासून माशा बंद, बशीतलं पाणी कमी, माती नुसती दमट. डिसेंबरच्या मध्यात गड्डा काढून धुवा, मोठी पानं कापा, छोटी हिरवी ठेवा. सौम्य बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून निथळू द्या. स्फॅग्नम मॉस आरओ पाण्यात भिजवून घट्ट पिळा, थेंब गळता कामा नये. त्यात गड्डा गुंडाळून झिपच्या पिशवीत, भाजीच्या कप्प्यात. तिथे साधारण ५ ते ८ अंश असतात. वरच्या फळीवर मागच्या बाजूला नको, तिथे गोठायची भीती.

दर पंधरा दिवसांनी उघडून पाहा. राखाडी केस दिसले तर तेवढं पान कापा आणि मॉस बदला. गड्डा टणक आहे तोवर पानं तपकिरी झाली तरी घाबरू नका, या दिवसांत काळं पडणं ठीक आहे. फेब्रुवारीअखेर बाहेर काढा, म्हणजे मार्चचं ऊन चढायच्या आत ते रुजेल.

---

शेवंती | १ डिसेंबर, सकाळी ११:३०

फ्रिजपेक्षा महाबळेश्वरला कोणी नातेवाईक असेल तर दोन महिने तिकडे पाठव. माझी नणंद पाचगणीला असते, तिच्या व्हरांड्यात रात्री चांगली थंडी पडते. माझं स्वतःचं मत, झाडाला उजेड दिसलेला बरा.

---

पाणथळ | १ डिसेंबर, दुपारी १२:१०

काकू, कल्पना वाईट नाही. तिथल्या रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात, मुंबईपेक्षा खूप बरं. पूर्ण झोप लागेल की नुसती डुलकी, ते मी करून पाहिलेलं नाही. पाणी तिथल्या विहिरीचं घालणार असाल तर मीटर सोबत पाठवा.

---

गच्चीवाला_चेंबूर | १ डिसेंबर, रात्री १०:५०

माझी दोन पिल्लं वेगळी केली. एक फ्रिजमध्ये जाणार आहे, एक गच्चीवरच. केतकीताई, तुमचंही विभागण्याएवढं झालं असेल तर एक पाचगणीला पाठवा ना, म्हणजे तिन्ही मोजता येतील.

---

केतकी_मुलुंड | २ डिसेंबर, सकाळी ७:४०

माझा गड्डा अजून एकच आहे, त्यामुळे फ्रिजच. शेवंतीकाकू, सॅरासेनियाचं एक रोप लेकाच्या वाढदिवसाला घ्यायचं चाललंय. ते तुमच्या नणंदेकडे चालेल का?